भाचा काय खेळतो आणि त्यात काय करतो

‘तो माइनक्राफ्ट खेळतो,’ एवढं बहिणीकडून कळलं, की भाच्याच्या वाढदिवसाला गेम घ्यायला निघालेल्या मामाला वाटतं, धागा सापडला. खरं तर हाती अजून काहीच लागलेलं नसतं. स्वीडनमध्ये जन्मलेल्या या ठोकळ्यांच्या गेमच्या २०२३ पर्यंत ३० कोटींहून जास्त प्रती खपल्या. तो खेळत नाही असा मुलगा शोधणंच जास्त अवघड. भारतातल्या शाळकरी मुलांच्या बाबतीत बीजीएमआयचंही तेच. वर्गातला प्रत्येक जण जे खेळतो, त्यावरून एकाची आवड कशी ओळखणार?

ओळखता येते, पण त्यासाठी गेमच्या नावाच्या पुढे जावं लागतं. तो त्या गेममध्ये करतो काय, हे बघावं लागतं.

दिवाळीत वाड्यात किंवा सोसायटीत किल्ला होतो, तेव्हा हे फार स्पष्ट दिसतं. माती एकच, पोरं दहा. एक जण बुरुजाचा आकार नीट येईपर्यंत तो पुन्हापुन्हा पाडतो. दुसऱ्याला बुरुजाशी घेणंदेणं नसतं. तो सलाइनची नळी मिळवून कारंजं चालू करण्याच्या मागे असतो. तिसरा मावळे मांडतो आणि कोण कुणावर चाल करून येतंय याची गोष्ट सांगत राहतो. चौथा आपला किल्ला अर्धवट टाकून शेजारच्यांचे किल्ले बघत हिंडतो. चौघांनाही विचारलं तर उत्तर एकच येईल, ‘आम्ही किल्ला करतोय.’ माइनक्राफ्ट ही अशीच माती आहे. नळीवाल्या पोराला बुरुजांचा गेम भेट दिला, तर तो ‘थँक यू मामा’ म्हणेल आणि पुन्हा कधी उघडणार नाही.

खेळाडूंची अशी वर्गवारी करायचा एक जुना प्रयत्न प्रसिद्ध आहे. ब्रिटनमधल्या एसेक्स विद्यापीठात १९७८ मध्ये रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने फक्त मजकुरावर चालणारा, अनेकांनी एकत्र खेळायचा एक गेम लिहायला घेतला आणि रिचर्ड बार्टल याने तो पुढे नेला. याच बार्टलने १९९६ मध्ये खेळाडूंचे चार प्रकार मांडले: काहीतरी कमावणारे, धुंडाळणारे, माणसांसाठी येणारे आणि दुसऱ्यावर कुरघोडी करणारे. ही मांडणी तसल्या गेमपुरतीच होती, पण लोकांनी ती सगळीकडे लावली. भेट घेणाऱ्याने तिचा उपयोग बेतानेच करावा, कारण एकच मुलगा एका गेममध्ये एक असतो आणि दुसऱ्यात दुसराच. त्याला खण पाडून त्यात बसवण्यापेक्षा त्याचे दोन-तीन गेम शेजारी ठेवून बघणं जास्त फळतं.

उदाहरणच घेऊ. समजा मामा पुण्यात आहे आणि तेरा वर्षांचा भाचा नाशिकला. घरात तीन वर्षांपूर्वीचा लॅपटॉप आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला. मुलाचं स्टीम या ऑनलाइन दुकानात खातं आहे, माइनक्राफ्ट वेगळं घेतलेलं आहे, आणि बाबांच्या फोनवर बीजीएमआय आहे. मित्राकडे प्लेस्टेशनवर फुटबॉलही चालतो. मामाने बहिणीला फोन लावून ‘ताई, त्याला आवडतं तरी काय?’ असं विचारलं, तर उत्तर ठरलेलं: ‘अरे, दिवसभर तेच ते ठोकळे.’

प्रश्न बदलून पाहावा. ‘ताई, खेळता खेळता तो तुला कधी हाक मारतो? काय दाखवायला बोलावतो?’ मुलं ज्याचा अभिमान वाटतो ते दाखवायला बोलावतात, आणि आईला ठोकळ्यांतलं काही कळत नसलं तरी काय दाखवलं ते तिच्या लक्षात राहतं. आपल्या काल्पनिक ताईचं उत्तर असं: ‘परवा कोंबड्यांचं काहीतरी केलं होतं त्याने. म्हणे, आपोआप शिजून पेटीत पडतात. मी म्हटलं, आपल्या घरात अंडंसुद्धा येत नाही आणि तू हे काय चालवलंयस!’

मामाला हवा होता तो धागा या कोंबड्यांत आहे.

माइनक्राफ्ट खेळणाऱ्यांत हे यंत्र सुपरिचित आहे. वर कोंडलेल्या कोंबड्या अंडी घालतात. त्यांच्या पायाखाली नरसाळ्यासारखा एक ठोकळा असतो, तो अंडी गोळा करून खालच्या फेकणाऱ्या ठोकळ्यात सोडतो. तो ठोकळा ठरावीक ठोक्याला अंडं फेकतो. हा ठोका देतं ते रेडस्टोन, म्हणजे या गेममधली वीज. फेकलेल्या साधारण आठ अंड्यांपैकी एकातून पिल्लू निघतं. पिल्लाच्या डोक्याच्या जरा वर तप्त लाव्हा रोखून ठेवलेला असतो. पिल्लू बुटकं असतं तोवर त्याला काही होत नाही. वीस मिनिटांनी ते मोठं होतं, डोकं लाव्ह्याला लागतं आणि शिजलेलं मांस खालच्या पेटीत जाऊन पडतं. यात लढाई नाही, सजावट नाही, गोष्टही नाही. एक गोष्ट दुसरीला आणि दुसरी तिसरीला चालवते, आणि बनवणारा हात मागे बांधून बघत उभा राहतो. हा मुलगा नळीवाला आहे.

आता स्टीमचं खातं. मुलाने माहिती खुली ठेवली असेल, तर त्याच्या पानावर कुठला गेम किती तास खेळला ते दिसतं. तिथे मिळवलेल्या पदकांची यादीही तारखांसह असते. ही नोंद बोलकी आहे, मात्र ती वाचताना डोकं जागेवर हवं. गेम चालू ठेवून मुलगा जेवायला गेला तरी तास मोजले जातात. शिवाय स्टीमच्या नियमांनुसार तेरा वर्षांखालच्या मुलांना स्वतःचं खातं काढता येत नाही. त्यामुळे लहान भाच्याच्या बाबतीत खातं बरेचदा बाबांचं किंवा दादाचं असतं, आणि दादाचे दोनशे तास धाकट्याच्या नावावर दिसतात. एपिक या दुसऱ्या दुकानातल्या संग्रहावर तर मुळीच विसंबू नये. ते दुकान दर आठवड्याला गेम फुकट वाटतं आणि मुलं दिसेल तो घेऊन ठेवतात. शंभर गेमांच्या त्या यादीतले दोन उघडले असतील, तर फक्त ते दोन पुरावा म्हणून धरायचे.

भाच्याच्या स्टीमवर समजा चार गेम आहेत. ‘अमंग अस’ साठ तास, पण दोन वर्षांपूर्वी शेवटचा उघडलेला. ‘पोर्टल २’ अठरा तास, गोष्ट पूर्ण. ‘स्टारड्यू व्हॅली’ पन्नास मिनिटं. ‘सिटीज: स्कायलाइन्स’ चाळीस मिनिटं.

सगळ्यात मोठा आकडा इथे सगळ्यात कमी कामाचा आहे. साठ तासांचा ‘अमंग अस’ हा मित्रांमध्ये आलेल्या लाटेचा आकडा आहे. लाट ओसरली, गेम बंद झाला. खरी साक्ष ‘पोर्टल २’ देतो. वाल्व्ह कंपनीच्या २०११ च्या या गेममध्ये भिंतींवर दोन दारं उमटवून बंद खोल्यांतून वाट काढायची असते. एकाही खोलीचं कोडं नुसत्या बोटांच्या चपळाईने सुटत नाही. कंटाळणारा मुलगा तिसऱ्या-चौथ्या खोलीतच सोडून देतो. याने शेवट गाठला आणि त्यानंतरही गेम चालू ठेवला, म्हणजे इतर खेळाडूंनी बनवलेल्या खोल्याही सोडवत बसला असावा. कोंबड्यांचं यंत्र आणि हे कोडं एकाच डोक्यातून आलेलं आहे.

अर्धवट टाकलेल्या दोन गेमांचा अर्थ मात्र लगेच लावू नये. ‘स्टारड्यू व्हॅली’त शेती करायची, गावकऱ्यांशी ओळखी वाढवायच्या, सणांना जायचं. सगळं निवांत. पन्नास मिनिटांत त्याला ते पुरे झालं असेल, तर निवांत गावगोष्टी हे त्याचं खाद्य नाही असं मानायला हरकत नाही. ‘सिटीज’चं प्रकरण वेगळं. शहर वसवून पाण्याचे नळ, विजेच्या तारा आणि रस्ते जुळवायचा हा गेम नळीवाल्याला आवडायलाच हवा होता. मग चाळीस मिनिटांत का सोडला? इथे ताईला दुसरा फोन करावा: ‘तो खेळताना लॅपटॉपचा पंखा घोंघावतो का गं?’ ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर हा गेम रडतरखडत चालतो. मुलाने सोडलं ते गेमला नव्हे, अडकत चालणाऱ्या पडद्याला वैतागून. अशा वेळी नकार आवडीचा नसतो, यंत्राचा असतो, आणि भेट निवडताना हा फरक पैसे वाचवतो.

या धाग्याने दुकानात शिरलं की एक मजेदार वंशावळ दिसते. झॅकरी बार्थ या अमेरिकी माणसाने २००९ मध्ये ‘इन्फिनिमायनर’ नावाचा ठोकळे खणायचा छोटा गेम केला. त्यावरून मार्कुस पेर्सनला माइनक्राफ्टची कल्पना सुचली. पुढे चाहत्यांनी माइनक्राफ्टमध्ये यंत्रं आणि कारखान्यांच्या जोडण्या घातल्या, आणि त्या खेळून भारावलेल्या काही चेक तरुणांनी ‘फॅक्टोरिओ’ बनवला. स्वतः बार्थ रासायनिक नळ्या आणि यांत्रिक हातांच्या कोड्यांकडे वळला. ‘स्पेसकेम’ आणि ‘ओपस मॅग्नम’ हे त्याचेच. म्हणजे कोंबड्यांचं यंत्र करणारा मुलगा नकळत या घराण्याच्या उंबरठ्यावर उभा आहे.

‘फॅक्टोरिओ’त माणूस परक्या ग्रहावर अडकतो आणि हाताने लोखंड खणायला लागतो. मग खणायला यंत्र, ते लोखंड भट्टीपर्यंत न्यायला सरकता पट्टा, भट्टीतून निघालेल्या पत्र्याचे दाते कापायला आणखी एक यंत्र, असं वाढत जातं. तासाभरात पडद्यावर कारखाना उभा राहतो, आणि कुठेतरी पट्टा तुंबलेला असतो. तुंबलेलं शोधून मोकळं करणं हाच खेळ. वरून दिसणारं सपाट चित्र असल्यामुळे तो साध्या लॅपटॉपवरही चालतो. याच कुळातला ‘सॅटिसफॅक्टरी’ दिसायला जास्त देखणा, त्रिमितीत, कारखान्याच्या आत चालत हिंडता येणारा. जाहिरात बघून कुठलाही मामा तोच उचलेल. या लॅपटॉपवर त्याचं ‘सिटीज’पेक्षा वाईट होईल.

मग ‘फॅक्टोरिओ’ घ्यायचा का? दोन अडचणी आहेत. गेममध्ये धुरामुळे चिडून चाल करून येणारे किडे आहेत. मुलाला ते नको असतील तर नवा डाव मांडताना बंद करता येतात, त्यामुळे ही अडचण किरकोळ. दुसरी जास्त खरी. गेममध्ये इंग्रजी वाचन भरपूर आहे. तेरा वर्षांचा मुलगा मराठी माध्यमात असेल आणि गेमविषयीचे व्हिडिओ हिंदीत बघून शिकत असेल, तर पहिले दोन तास जड जातील. अशा मुलासाठी याच कुळातलं धाकटं भावंड बरं. दुकानात ते shapez या नावाने, सगळी अक्षरं लहान आणि शेवटी z, असं सापडतं. त्यात लोखंड नाही, किडे नाहीत. वर्तुळं आणि चौकोन कापायचे, फिरवायचे, रंगवायचे आणि पट्ट्यावरून मधल्या केंद्राकडे पाठवायचे. वाचायला जवळजवळ काही नाही, आणि किंमतही बरीच कमी.

‘फॅक्टोरिओ’चा नमुना मात्र फुकट मिळतो, आणि या प्रकरणात त्याच्याइतका चांगला साक्षीदार नाही. ताईने तो लॅपटॉपवर उतरवून ठेवावा, ‘मामाने पाठवलाय, बघ चालतो का,’ एवढंच सांगावं. मुलगा रात्रीच्या जेवणाला तीनदा हाक मारूनही उठला नाही, तर निकाल लागला. वाढदिवसाचं गुपित थोडं फुटतं, हे खरं. पण सेलची वाट बघत बसण्यात अर्थ नाही, कारण ‘फॅक्टोरिओ’ सवलतीत कधी विकायचाच नाही हे बनवणाऱ्यांचं जाहीर धोरण आहे. उलट २०२३ च्या जानेवारीत त्यांनी महागाईचं कारण देऊन किंमत ३० डॉलरवरून ३५ वर नेली. याच नावाने दिसणारा ‘स्पेस एज’ हा पुढचा भाग आहे. मूळ गेम नसेल तर तो निरुपयोगी. घाईत नेमका तोच टोपलीत पडू शकतो.

बीजीएमआय अजून बाकी आहे. फोनवर बंदुकीचा गेम दिसला की मोठी माणसं दोनपैकी एक निष्कर्ष काढतात: मुलगा हिंसक होतोय, किंवा त्याला बंदुकीचा आणखी भारी गेम हवाय. ताईला विचारावं, तो एकटा कधी खेळतो का? चौघं मित्र जमले की फोन हातात, आणि ते नसले की तो फोनला शिवतही नाही, असं उत्तर आलं, तर बंदूक निमित्तमात्र आहे. तो गप्पा मारायला जातो. अशा मुलाला एकट्याने लढायचा महागडा युद्धपट देणं वाया जाईल. त्यातले बरेचसे अठरा वर्षांवरचे असतात, ते वेगळंच. आणि जो मुलगा खरोखर याच ओढीने खेळतो, त्याच्यासाठी दोघांनी मिळून खेळायचे गेम असतात. ‘इट टेक्स टू’ हे त्यातलं नामी उदाहरण. तो एकट्याला खेळताच येत नाही, आणि एकाने विकत घेतला की दुसरा मित्र फुकटच्या पासावर सामील होतो. मात्र त्याला दणकट संगणक किंवा कन्सोल लागतो, म्हणून या लॅपटॉपवाल्या भाच्यासाठी तो बाद.

मित्राकडच्या फुटबॉलच्या मागे तर जाऊच नये. तो गेम दर वर्षी नव्या आकड्याने सप्टेंबरच्या सुमारास येतो, २०२३ पासून त्याचं फिफा हे नावही गेलं, आणि कुठली आवृत्ती मित्रांमध्ये चालू आहे हे फक्त मित्रांनाच ठाऊक असतं. शिवाय मुलगा तो मित्राकडे खेळतो. घरी प्लेस्टेशन नाही.

ज्याच्या घरी आहे, त्याच्या मामाने आधी कन्सोलचा फोटो मागवावा. प्लेस्टेशन ५ च्या डिजिटल आवृत्तीला मुळात तबकडीची खाचच नसते. वेगळा ड्राइव्ह बसवला नसेल, तर सुंदर वेष्टनातली तबकडी फक्त कपाटात शोभते. निन्टेन्डोच्या स्विचचं उलटं: जुन्या स्विचची बहुतेक काडतुसं नव्या स्विच २ वर चालतात, पण नव्याची जुन्यावर चालत नाहीत.

खोक्यावरच्या वयाच्या आकड्याने आणखी एक गोंधळ होतो. युरोपातल्या पेगी या पद्धतीत ३, ७, १२, १६ आणि १८ असे आकडे असतात, आणि ते फक्त आतला मजकूर कुणासाठी योग्य आहे ते सांगतात. गेम किती अवघड आहे याच्याशी त्यांचा संबंध नाही. ‘फुटबॉल मॅनेजर’वर ३ असतो, कारण त्यात आक्षेपार्ह काही नाही, पण आत करारांचे, खेळाडूंचे आणि डावपेचांचे असे तक्ते असतात, की पदवीधर माणूसही गांगरतो.

परदेशी राहणाऱ्या मावश्या आणि काकांना सोपा वाटणारा मार्ग म्हणजे गिफ्ट कार्ड. तिथेच पैसे अडकतात. प्लेस्टेशनचं कार्ड ज्या देशाचं, त्याच देशाच्या खात्यावर चढतं. न्यू जर्सीत घेतलेलं कार्ड नाशिकच्या खात्याला चालत नाही. स्टीमवर गेम थेट भेट देता येतो, पण दोन देशांतल्या किमतींत फार तफावत असेल तर दुकान व्यवहार होऊ देत नाही. सरळ उपाय म्हणजे पैसे ताईला पाठवावेत आणि खरेदी नाशिकहून व्हावी.

पुण्याच्या मामाला मात्र स्टीमवर एक सोय आहे आणि एक खोडा. सोय अशी, की भाचा मित्रयादीत असेल तर तो गेम त्याच्याकडे आधीच आहे का, हे दुकान सांगतं. त्याची हवे असलेल्या गेमांची यादीही बघता येते, आणि भेट वाढदिवसाच्या तारखेलाच पोहोचेल असं ठरवता येतं. त्या यादीत कारखान्याचा एखादा गेम दिसला, तर वरचा सगळा तपास बाजूला ठेवून तोच घ्यावा. खोडा असा, की नव्या खात्यावरून किमान पाच डॉलरएवढी खरेदी होईपर्यंत मैत्रीची विनंतीच पाठवता येत नाही. मामाने आधी स्वतःसाठी काहीतरी घ्यावं. ‘पोर्टल २’ घेतला तर भाच्याशी बोलायला विषयही मिळेल, आणि सेलमध्ये तो बऱ्याचदा फार स्वस्त असतो.

एवढं करूनही नेम चुकू शकतो. स्टीमवर खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. भेट स्वीकारून झाली असेल, तर परतीची विनंती भाच्यालाच करावी लागते. पैसे मामाकडे येतात. तेव्हा भेटीसोबतच्या चिठ्ठीत ‘दोन तासांच्या आत नाही आवडला तर सांग, बदलून घेऊ’ असं आधीच लिहून टाकावं, नाहीतर मुलगा संकोचाने तिसऱ्या तासात शिरतो आणि मुदत संपते.